#बेदाणे की #bedane? नाशिकच्या ब्रँडनं मराठी हॅशटॅग कोणत्या लिपीत लिहावा

सिंहस्थ जवळ येतोय तसं नाशिकच्या छोट्या व्यावसायिकांनी आपापली इन्स्टाग्रामची पानं नीट करायला घेतली आहेत. पंचवटीतला पेढेवाला, येवल्याचा पैठणी विणकर, निफाडचा बेदाणेवाला, सगळ्यांनाच बाहेरगावच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायचंय. फोटो चांगले निघतात, मजकूर घरातलंच कुणीतरी लिहून देतं, आणि शेवटच्या ओळीशी येऊन गाडी अडते. हॅशटॅग देवनागरीत द्यायचा की इंग्रजी अक्षरांत? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून आपल्या लिपीतच लिहायचं हा आग्रह वाढलाय. तो मला मनापासून पटतो. पण गल्ल्यावर बसणारा पुतण्या विचारतो, "काका, मराठीत टाइप कोण करतंय?" त्याचं म्हणणंही खोटं नाही.

या वादात दोन्ही बाजूंची एक चूक होते. ते पूर्ण पानासाठी एकच लिपी ठरवू पाहतात. हॅशटॅगच्या बाबतीत निर्णय शब्दागणिक घ्यावा लागतो. काही मराठी शब्द रोमन अक्षरांत सुखरूप पोहोचतात, काही वाटेतच हरवतात. कोणता शब्द कुठल्या गटातला, हे ओळखता आलं की बाकीचं सोपं आहे. त्यासाठी आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. समजा, निफाड तालुक्यातलं एक कुटुंब स्वतःच्या बागेतल्या थॉमसन सीडलेस द्राक्षांचे बेदाणे करतं, थोडे काळे मनुकेही करतं, आणि पाव किलोच्या पाकिटांत घरपोच विकतं. नाशिक, पुणे, मुंबई हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक.

## हॅशटॅग नेमकं काय करतो

ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर सुचवलं की एका विषयाच्या नोंदी एकत्र सापडाव्यात म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावावं. आजही तो तेवढंच करतो. चिन्हाला चिकटून आलेली अक्षरं म्हणजे एक नाव, आणि त्या नावाखाली जगभरच्या पोस्ट गोळा होतात. मध्ये मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा जोडरेघ आली की नाव तिथंच संपतं. खालची रेघ, म्हणजे _ हे चिन्ह, चालतं.

स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या असतात तसंच हे आहे. फरक इतकाच की इथं चिठ्ठी वाचणारा बरणी उघडून बघत नाही. एका चिठ्ठीवर "बेदाणे" आणि दुसरीवर "बेदाणा" असेल तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू. अक्षरं तंतोतंत जुळली तरच बरणी एक. गूगलसारखी शोधयंत्रं bedane आणि बेदाणे यांचा मेळ बऱ्यापैकी घालतात, पण हॅशटॅगच्या पानाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. रोमनमध्ये लहान-मोठी अक्षरं तेवढी एकच धरली जातात, म्हणजे #NashikBedane आणि #nashikbedane यांचं पान एकच.

## वाचायची लिपी एक, टाइप करायची दुसरी

नाशिकचा मराठी माणूस सकाळी वर्तमानपत्र देवनागरीत वाचतो, दुकानाच्या पाट्या देवनागरीत वाचतो, आणि व्हॉट्सॲपवर मात्र "bhau 2 packet pathva" असं लिहितो. त्यात विसंगती काही नाही. वाचायला देवनागरी सोपी जाते, आणि बोटांना रोमन कीबोर्डची सवय झालेली असते. म्हणून पोस्टचा मजकूर आणि हॅशटॅग यांना एकाच मापानं मोजू नये. मजकूर वाचला जातो. हॅशटॅग वाचलाही जातो, पण त्याचं खरं काम कुणीतरी तो शोधखिडकीत टाइप करतं तेव्हा होतं.

त्यात आणखी एक बारकावा आहे. सगळेच टाइप करत नाहीत. बोलून शोधणारे आता घरोघरी आहेत, विशेषतः पन्नाशीपुढचे. फोनची बोलण्याची भाषा मराठी असेल तर त्यांनी उच्चारलेलं "बेदाणे" देवनागरीतच उमटतं. ज्यांच्या कीबोर्डवर रोमनमधून मराठी लिहायची सोय चालू आहे, ते bedane असं टाइप करतात पण उमटतं देवनागरी. म्हणजे तरुण रोमनवाला आणि वयस्कर देवनागरीवाला अशी सरळ वाटणी होत नाही.

आपल्या गिऱ्हाइकाची सवय जाणून घ्यायला सर्वेक्षण लागत नाही. ब्रँडच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेल्या जुन्या ऑर्डरी पडलेल्याच असतात. त्या वर सरकवत जा आणि लोकांनी वस्तूचं नाव कसकसं लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. आपल्या निफाडच्या कुटुंबाला त्यात bedane, bedana, bedaane, manuke, manuka, kale manuke, kishmish, बेदाणे, बेदाना असं सगळं सापडेल. ही यादी कुठल्याही तयार हॅशटॅग-यादीपेक्षा मोलाची आहे, कारण ती प्रत्यक्ष पैसे देणाऱ्यांच्या बोटांतून आलेली आहे.

## रोमनमध्ये मनुका न्यूझीलंडला जातो

आता ही यादी घेऊन इन्स्टाग्रामच्या शोधखिडकीत एकेक शब्द टाकून बघू.

#manuka टाकलं की मधाच्या बाटल्या दिसतात. न्यूझीलंडमध्ये मानुका नावाचं झुडूप आहे, त्याच्या फुलांपासूनचा मध जगभर महागात विकला जातो, आणि रोमनमध्ये त्याचं स्पेलिंग आपल्या मनुक्याशी अक्षरशः जुळतं. निफाडच्या पाकिटाचा फोटो त्या गर्दीत पडला तर तो बघणाऱ्याला नको असतो आणि ज्याला हवा असतो त्याला तो सापडत नाही. #bedana ची गोष्ट निराळी. बंगालीत बेदाना म्हणजे डाळिंब. तेव्हा तो हॅशटॅग बंगाली पोस्टवरही रास्तपणे लागतो, आणि तुमच्या वाळलेल्या द्राक्षांच्या शेजारी लालबुंद दाणे येऊन बसतात.

#bedane मध्ये अशी टक्कर कमी, पण तिथं दुसरी अडचण. या शब्दाचं रोमन स्पेलिंग कुणी ठरवलेलंच नाही. कुणी bedane लिहितो, कुणी bedaane, एखादा bedhane. एकाच मालाच्या पोस्ट तीन-चार चिठ्ठ्यांखाली विखुरतात. द्राक्षांचं तर विचारूच नका: drakshe, draksha, draksh, draakshe, सगळे आपापल्या जागी बरोबर.

मग #misal आणि #paithani यांना हा त्रास का होत नाही? मला याचं कारण फार महत्त्वाचं वाटतं. मिसळीला आणि पैठणीला इंग्रजीत दुसरं नाव नाही. हॉटेलवाल्याला मेनूकार्डावर आणि साडीवाल्याला इंग्रजी पाटीवर तोच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावा लागला, वर्षानुवर्षं लिहावा लागला, आणि लिहिता लिहिता एक स्पेलिंग रुळलं. बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं मात्र इंग्रजी बिलावर आणि खोक्यावर raisins लिहिलं. द्राक्षांच्या निर्यातीच्या पेट्यांवर grapes. त्यामुळे त्या मराठी शब्दांना रोमनमध्ये स्थिर व्हायची संधीच मिळाली नाही. चिवडा यांच्या मधोमध अडकलाय. नाव त्याला दुसरं नाही, तरी chivda आणि chiwda दोन्ही चालतात.

गावाच्या नावालाही हे लागू आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आणि जुन्या कागदांवर Nasik दिसतं, पण आज Nashik इतकं पक्कं झालंय की #nashik बद्दल शंका घ्यायचं कारण नाही. येवल्याचं अजून Yeola आणि Yevla असं दुहेरी चालतं.

## मग सगळं देवनागरीतच का नको?

देवनागरीत #बेदाणे लिहिलं की बंगाली डाळिंब आणि न्यूझीलंडचा मध दोन्ही बाजूला पडतात. हा मोठा फायदा आहे. 'ण' आणि 'ळ' ही अक्षरं तर आपल्या माणसापर्यंत नेणारी खूणच. पण देवनागरीतही चिठ्ठ्या फुटतात, फक्त वेगळ्या जागी.

पहिली जागा व्याकरणाची. मराठीत शब्द सरळ उभा राहत नाही. बेदाणा, बेदाणे, बेदाण्यांचे. नाशिक, नाशिकचे, नाशकात. #नाशिकचे आणि #नाशिक या दोन वेगळ्या बरण्या. म्हणून हॅशटॅगमध्ये लोक बाजारात उच्चारतात ते रूप घ्यावं. दुकानात कुणी "एक बेदाणा द्या" म्हणत नाही, तेव्हा #बेदाणे.

दुसरी जागा कीबोर्डची. रोमनमधून मराठी उमटवताना n या एकाच अक्षरातून 'न' ही निघतो आणि 'ण' ही. घाईत "बेदाने" ही सूचना दाबली गेली की #बेदाने तयार. शुद्ध रूप तुमच्या पोस्टवर राहू द्या. पण शोधताना चुकीच्या रूपाकडेही एक नजर टाका, तुमची गिऱ्हाइकं तिथं तुमच्या पाकिटाचे फोटो टाकून बसलेली असू शकतात.

तिसरी जागा डोळ्यांना दिसतच नाही, आणि सर्वात जास्त नुकसान तीच करते. संगणक प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो. या क्रमांकांच्या जागतिक पद्धतीला युनिकोड म्हणतात. मराठीतली काही अक्षरं दिसायला एक आणि क्रमांकानं दोन-तीन आहेत. "ॲग्रो" हा शब्द घ्या, नाशिक जिल्ह्यात निम्म्या ब्रँडांच्या नावात असेल. त्यातला 'ॲ' हा U+0972 या एका क्रमांकाचा असू शकतो, किंवा 'अ' टाइप करून त्यावर चंद्र चढवलेला, म्हणजे U+0905 आणि U+0945 अशी जोडी. काही कीबोर्डवर तर 'ऍ', U+090D, हेच अक्षर असतं. पहिली दोन रूपं पडद्यावर सारखी दिसतात, पण हॅशटॅग म्हणून जुळत नाहीत.

"शेतकऱ्यांकडून थेट" हे तर प्रत्येक शेतमाल ब्रँडचं लाडकं वाक्य. त्यातला 'ऱ्या' काही कीबोर्ड खालच्या टिंबाच्या 'ऱ' पासून करतात, काही साध्या 'र' ला हलन्त लावून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. एका भावानं संगणकावरून टाकलेली पोस्ट आणि दुसऱ्यानं फोनवरून टाकलेली पोस्ट, दोन्हींवर डोळ्यांना तोच हॅशटॅग, आणि तरी दोन वेगळी पानं. ओळखायचं कसं? आपल्याच हॅशटॅगवर बोट दाबा. कालची पोस्ट तिथं दिसत नसेल, तर अक्षरं फुटलीत. उपाय सोपा आहे: पक्का केलेला हॅशटॅग फोनच्या नोंदवहीत एकदा साठवून ठेवा आणि दर वेळी तिथूनच उचला, नव्यानं टाइप करू नका. आणि शक्य असेल तर ॲ, ऱ्या असलेले शब्द हॅशटॅगमध्ये घेऊच नका. त्यांना मजकुरात भरपूर जागा आहे.

पाकिटाची रचना करणाऱ्याकडच्या फाइलमधून मराठी नाव उचलतानाही सांभाळा. छपाईच्या कामात जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट अजून वापरले जातात. तिथं दिसतं "बेदाणे", पण ते उचलून इन्स्टाग्रामवर चिकटवलं की रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग पडतो.

## जोडून लिहिलेलं वाचता येतं का?

हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, म्हणून शब्द एकमेकांना चिकटतात. रोमनमध्ये यावर सोय आहे, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायचं. #nashikchebedane वाचताना डोळा "चेबे" पाशी ठेचकाळतो. #NashikcheBedane वाचताना तसं होत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे पान दोन्हींचं एकच. देवनागरीत मोठं अक्षर नाही. #नाशिकचेबेदाणे मात्राकान्यांमुळे वाचता येतं, पण तीन शब्द झाले की दमछाक होते: #निफाडच्याबागेतलेबेदाणे हे कुणी पूर्ण वाचणार नाही.

खालची रेघ घालून #नाशिकचे_बेदाणे करता येतं, आणि डोळ्यांना ते गोड दिसतं. पण ती रेघ नावाचाच भाग होते, म्हणजे रेघेशिवायचं पान वेगळं. शिवाय शोधताना रेघ टाइप करणारा माणूस मी तरी फारसा पाहिलेला नाही. तेव्हा देवनागरी हॅशटॅग एका शब्दाचा ठेवावा, फार तर दोन छोट्या शब्दांचा.

ऐकणाऱ्यांचा विचारही इथंच करावा. दृष्टिहीन वाचक पडदा मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय वापरतात. bedane हा शब्द इंग्रजी आवाज इंग्रजी पद्धतीनं उच्चारतो आणि ओळखू येत नाही. मराठी आवाज बसवलेला असेल तर #बेदाणे नीट ऐकू येतं.

## निफाडच्या पाकिटाचा निकाल

आता निवड करू. कसोटी एकच: या मराठी शब्दाचं रोमन स्पेलिंग बाजारानं ठरवून टाकलंय का? ठरलं असेल तर रोमन, नसेल तर देवनागरी.

गावाचं नाव रोमनमध्ये ठरलेलं आहे, म्हणून #Nashik. वस्तूचं मराठी नाव ठरलेलं नाही, म्हणून #बेदाणे. मनुक्याच्या पोस्टवर #मनुके देवनागरीतच, कारण रोमनमध्ये तो मधाच्या गर्दीत जातो. ब्रँडचं स्वतःचं नाव मात्र रोमनमध्ये, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे: इन्स्टाग्रामवर खात्याचं वापरनाव इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि खालची रेघ यांतूनच बनतं. तिथं जे स्पेलिंग घेतलं तेच ब्रँडच्या हॅशटॅगमध्ये असावं, नाहीतर स्वतःच्याच नावाच्या दोन बरण्या होतील. चौथा हॅशटॅग हवा असेल तर सरळ इंग्रजी #raisins पेक्षा #NashikRaisins बरा. जगभरच्या गर्दीत पडण्यापेक्षा लहान पानावर वर दिसणं परवडतं. बेंगळुरूतला गिऱ्हाईक bedane कधीच शोधणार नाही, त्याच्यासाठी रोमन मराठी लिहिणं म्हणजे ना मराठी ना इंग्रजी.

चार पुरे. पण वापरनावाशिवाय जी ठळक नावाची जागा असते, तिथं देवनागरी चालते आणि ती शोधातही धरली जाते. अनेक ब्रँड ती जागा रोमनमधलं तेच नाव पुन्हा लिहून वाया घालवतात. तिथं ब्रँडच्या नावापुढे "बेदाणे, निफाड" एवढं लिहिलं तर बोलून शोधणाऱ्या आजीपर्यंत पोहोचायला एक वाट मिळते.

येवल्याच्या पैठणीवाल्याचा निकाल याच कसोटीनं उलटा लागतो. #Paithani रोमनमध्ये रुळलेलं आहे आणि त्याची गिऱ्हाइकं हैदराबाद, सुरत, बेंगळुरूतही आहेत, ज्यांना देवनागरी टाइप करायची सवय नाही. त्यानं मुख्य हॅशटॅग रोमन ठेवावा आणि #पैठणी सोबतीला.

सिंहस्थासाठी माल विकणाऱ्यांना आणखी एक गाठ सोडवावी लागेल. उत्तरेकडून येणारे यात्रेकरू देवनागरीच वाचतात, पण त्यांचं हिंदी स्पेलिंग #कुंभमेला, आपलं #कुंभमेळा. एका अक्षरानं दोन वेगळे श्रोते. रोमनमधलं #KumbhMela मात्र ठरलेलं आहे आणि दोघांनाही चालतं. मराठी गिऱ्हाइकासाठी #सिंहस्थ ठेवा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या मेळ्याला आपण पिढ्यान्पिढ्या याच नावानं ओळखतो.

## "दोन्ही लिप्यांत सगळेच टाकले तर?"

हा प्रश्न हमखास येतो. जमतील तेवढे हॅशटॅग ठोकले की काहीतरी लागेलच, असं वाटतं. दोन गोष्टी बिघडतात. खालची निळी गर्दी बघून वाचक मजकूरही वाचत नाही. आणि #manuka सारखा चुकीच्या गर्दीतला हॅशटॅग लावला की पोस्ट ज्यांना दिसते ते लगेच पुढे सरकतात, त्यातून पोस्ट कुणाला आवडत नाही असाच संकेत जातो.

जे स्पेलिंग हॅशटॅगमध्ये बसलं नाही, त्याला मजकुरात जागा द्या. "आमचे बेदाणे, म्हणजे हिंदीत किशमिश, निफाडच्या बागेतच सावलीत वाळवलेले" हे एक वाक्य तीन शब्द सहज पोटात घेतं. वाचणाऱ्याला ते खटकत नाही, आणि मजकुरातले शब्दही शोधात उपयोगी पडतात.

## "हॅशटॅगचे दिवसच गेले ना?"

काही अंशी खरं आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय की हॅशटॅगनं पोस्टची पोहोच फारशी वाढत नाही. कुणी तुम्हाला "हे हॅशटॅग लावा, विक्री दुप्पट" म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

पण लहान गावच्या ब्रँडसाठी हॅशटॅगची दोन कामं शिल्लक आहेत. विषय काय आहे हे तो यंत्राला स्पष्ट सांगतो, आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो एका जागी गोळा करतो. दुसऱ्या कामासाठी तर हॅशटॅग पाकिटावर छापावा लागतो, आणि तिथं लिपीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाकीट हातात घेतलेला माणूस तो बघून टाइप करणार. म्हणून पाकिटावर ब्रँडचा रोमन हॅशटॅग छापा, शब्दांची पहिली अक्षरं मोठी ठेवून. वस्तूचं नाव मात्र ठसठशीत देवनागरीत असू द्या, ते वाचायला आहे.

देवनागरी हॅशटॅगचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवताना एक गोष्ट बघून दचकू नका. बेदाणे हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण दुव्यात ते असं उमटू शकतं:

```
%E0%A4%AC%E0%A5%87%E0%A4%A6%E0%A4%BE%E0%A4%A3%E0%A5%87
```

दुवा बिघडलेला नाही. प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन तुकड्यांत लिहिली जाते, म्हणून शेपूट लांबतं. पण अनोळखी माणसाला ते फसवणुकीच्या संदेशासारखं वाटतं, तेव्हा दुव्याऐवजी क्यूआर कोड द्यावा.

## मोजणी करणारं साधनच चुकत असेल तर

लिपीची तुलना करायची म्हणून अनेकजण पुतण्याकडून किंवा ओळखीच्या मुलाकडून पोस्टची यादी उतरवून हॅशटॅग मोजून घेतात. अहवाल येतो आणि त्यात देवनागरीचे आकडे जवळपास शून्य. त्यावरून "देवनागरी चालत नाही" असा निष्कर्ष निघतो. तो मान्य करण्याआधी अहवालात #ब, #न, #द असे एकाक्षरी हॅशटॅग दिसतात का ते बघा. दिसत असतील तर दोष मोजणीचा आहे. पायथन या संगणकभाषेत नेहमीची पद्धत वापरली तर असं होतं:

```
import re
re.findall(r"#\w+", "#बेदाणे #द्राक्षे")
# ['#ब', '#द']
```

कारण तिथं \w हे चिन्ह मुळाक्षर ओळखतं, पण मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. 'ब' वर मात्रा आली की शब्द संपला असं ते समजतं. देवनागरीची पूर्ण ओळ आणि ती अदृश्य जोडचिन्हं सांगितली की काम होतं:

```
re.findall(r"#[\w\u0900-\u097F\u200C\u200D]+", "#बेदाणे #द्राक्षे")
# ['#बेदाणे', '#द्राक्षे']
```

आकडे बरोबर आले तरी लगेच हुरळून जाऊ नका. एका पोस्टवर देवनागरी आणि दुसऱ्यावर रोमन लावून तुलना करणं फसवं असतं, कारण फोटो वेगळा, वेळ वेगळी, आणि दिवाळीच्या तोंडावर सुक्या मेव्याचं काहीही टाकलं तरी लोक बघतात. तुलना करायचीच तर सण नसलेले सहा-आठ आठवडे निवडा, एकाच प्रकारचे फोटो टाका, आणि एक आठवडा #बेदाणे, पुढचा आठवडा #bedane असं आलटून पालटून करा. बाकीचे हॅशटॅग आणि टाकायची वेळ तीच ठेवा. मग पोस्टच्या आकडेवारीत एकच गोष्ट बघा: तुम्हाला आधीपासून न अनुसरणाऱ्या किती जणांनी ती पाहिली. पसंतीचे आकडे इथं कामाचे नाहीत, ते बहुतेक मामा-मावशांचे असतात.

आणि ऑर्डर घेताना फोनवर एक प्रश्न विचारायला शिका: "आमचं पान कसं सापडलं, काय टाकलं होतं शोधायला?" गिऱ्हाईक जो शब्द सांगेल तो जसाच्या तसा, त्यानं सांगितलेल्या लिपीसकट, ऑर्डरच्या वहीत नावापुढे लिहा. दर हंगामाला फेब्रुवारीत नवा बेदाणा वाळायला पडायच्या आधी ती पानं चाळा, आणि चार हॅशटॅगांपैकी ज्याचं नाव वर्षभरात कुणीच घेतलं नाही तो काढून टाका.